स्टेपनीवरचा ऐंशीचा आकडा

डिक्कीतला गालिचा उचलला की खाली स्टेपनी दिसते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तिच्या रिमवर एक भडक स्टिकर असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. गाडी घेताना हा स्टिकर फारसं कुणी वाचत नाही. ज्यांना तो दिसतो, त्यांचा समज असा होतो की हा टायर कच्चा आहे, ऐंशीच्या पुढे गेलं की फुटेल. हा समज चुकीचा आहे, आणि त्यातून दुसरी चूक होते. टायर दिसायला धडधाकट असला की लोक स्टिकर विसरतात आणि शंभर-एकशेदहाने निघतात.

आज बाजारातल्या गाड्यांत स्टेपनीचे ढोबळ चार प्रकार आढळतात. चाकांच्या मापाचीच पूर्ण स्टेपनी, चाकांपेक्षा थोड्या लहान मापाची लोखंडी स्टेपनी, सायकलच्या थोरल्या भावासारखी दिसणारी बारीक ‘स्पेस-सेव्हर’, आणि चौथा प्रकार म्हणजे स्टेपनीच नाही, त्याऐवजी चारही चाकांना रन-फ्लॅट टायर. यांतल्या तिघांवर सहसा ऐंशीचीच मर्यादा असते. मात्र प्रत्येकाच्या ऐंशीमागचं कारण निराळं आहे. म्हणून ती पाळायची रीतही निराळी, आणि किती अंतर जायचं याचं उत्तरही निराळं.

तिघी गाड्यांना एकाच जागी उभं करून पाहू. समृद्धी महामार्ग त्यासाठी सोयीचा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त असल्याने जुन्या हायवेसारखी दर दोन किलोमीटरवर टायर टांगलेली पंक्चरची टपरी इथे नाही. समजा, नागपूरहून मुंबईकडे येताना सिंदखेड राजाच्या आसपास चाक बसलं. पुढे जालना तीसेक किलोमीटर. तिथून छत्रपती संभाजीनगर आणखी साठेक. म्हणजे मोठ्या शहरातलं टायरचं दुकान साधारण नव्वद किलोमीटरवर.

पहिल्या गाडीत स्पेस-सेव्हर आहे. तिच्या टायरवरचं माप ‘टी’ या अक्षराने सुरू होतं. टी म्हणजे तात्पुरता. एक उदाहरण घेऊ : टी १३५/८० डी १५. पुढे ९९ एम असं छापलेलं असतं. ९९ या भारांकाचा अर्थ हा टायर ७७५ किलो वजन पेलू शकतो, आणि एम या अक्षराचा अर्थ टायर म्हणून त्याची वेगाची क्षमता १३० आहे. मध्यम आकाराच्या मोटारीच्या एका चाकावर फार तर चारशे-साडेचारशे किलो येतात. म्हणजे टायर अशक्त नाही. मग स्टिकरवर ८० का?

कारण ती मर्यादा टायरपेक्षा गाडीची आहे. तीन चाकांचा टायर १९५ मिलिमीटर रुंद आणि चौथा १३५. रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा एका कोपऱ्यात लहान झाला. सरळ रस्त्यावर, कोरड्या डांबरावर हे जाणवतही नाही. जाणवतं ते अचानक ब्रेक दाबल्यावर, वळणावर, पावसात. गाडी एका दिशेला जास्त धरते, दुसऱ्या दिशेला कमी. चालकाच्या हाताला जी गाडी वर्षानुवर्षं सवयीची, ती एका बाजूला वळताना वेगळी वागते. वेग वाढला की हा फरक झपाट्याने वाढतो, कारण वळणावर बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० ला तो ८० च्या सव्वादोन पट होतो. समोर एखादं जनावर आलं आणि स्टिअरिंग झटकावं लागलं, तर ऐंशीला निभावतं आणि एकशेवीसला निभावेलच असं नाही. या तात्पुरत्या चाकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे, क्रमांक ६४. त्यात असं चाक बसवून गाडीची ब्रेकची चाचणी घ्यावी लागते आणि चाकावर ८० किंवा १२० ची खूण करावी लागते. छोट्या गाड्यांच्या स्पेस-सेव्हरवर आपल्याला दिसते ती जवळपास नेहमीच ८० ची.

दुसरी गोष्ट व्यासाची. १९५/६५ आर १५ या मापाच्या चाकाचा व्यास गणिताने येतो सुमारे ६३४ मिलिमीटर. वरच्या टी-टायरचा येतो ५९७. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे मारावे लागतात. मोठं चाक किलोमीटरला ५०२ फेरे घेतं, लहान ५३३. म्हणजे दर किलोमीटरला एकतीस फेऱ्यांचा फरक. हे चाक इंजिनाने फिरवल्या जाणाऱ्या आसावर असेल, तर हा फरक डिफरन्शियलमधल्या छोट्या दात्यांना झेलावा लागतो. हे दाते वळणापुरते फिरावेत म्हणून बनवलेले असतात. इथे ते सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतात. ऐंशी किलोमीटरमध्ये सुमारे अडीच हजार फेरे. एका प्रवासात त्याने काही बिघडत नाही, पण महिनाभर तसंच फिरवलं तर तेल तापतं आणि झीज होते.

आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. म्हणून अनेक मॅन्युअलांत सांगितलेलं असतं की पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं धड चाक पुढे आणा आणि स्पेस-सेव्हर मागे लावा. डिफरन्शियल वाचतं, आणि ब्रेकचं बरंचसं काम करणारी पुढची दोन्ही चाकं सारखी राहतात. पण यासाठी जॅक दोनदा लावावा लागतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला, शेजारून शंभराने ट्रक जात असताना हे दोनदा करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. स्पेस-सेव्हर पुढेच लावावी, सावकाश पुढच्या इंटरचेंजने बाहेर पडावं आणि अदलाबदल पेट्रोल पंपाच्या आवारात, सपाट जागेवर करावी.

मग अंतराचं काय? बरीच मॅन्युअलं आकडा देतच नाहीत, ‘शक्य तितक्या लवकर मूळ चाक बसवा’ एवढंच म्हणतात. काही ठिकाणी ८० किलोमीटर, म्हणजे पन्नास मैलांचा आकडा दिलेला असतो. या टायरची नक्षी नवी असतानाच जेमतेम तीन मिलिमीटर खोल असते, साध्या नव्या टायरच्या निम्म्याहून कमी. पावसाळ्यात पाणी बाहेर फेकायला तिच्यात जागाच नसते. म्हणजे आपल्या गाडीने जालन्याला उतरावं. तीस किलोमीटर, ऐंशीच्या वेगाने पंचवीस मिनिटं. तिथे पंक्चर काढून घ्यावं, मूळ चाक परत चढवावं, स्पेस-सेव्हर डिक्कीत ठेवावी. संभाजीनगरपर्यंत ‘जाऊ की असंच’ म्हणायची गरज नाही. एक पथ्य आणखी : अशी दोन चाकं एका वेळी गाडीला कधी लावू नयेत.

स्पेस-सेव्हरचं खरं दुखणं हवेचं आहे. एवढ्या लहान टायरने चारशे किलो पेलायचे तर आत हवा जास्त दाबाने हवी. टायरवरच छापलेलं असतं, ६० पीएसआय. आपल्या नेहमीच्या चाकांत ३० ते ३६ असते. पंपावरचा मुलगा चारही चाकांना पस्तीस भरतो आणि तोच आकडा स्टेपनीलाही ठोकतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय टायर वापरात नसला तरी महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय हवा जातेच. दोन वर्षं हात न लावलेल्या स्पेस-सेव्हरमध्ये साठाचे पस्तीस उरलेले सहज सापडतात. तशीच ती गाडीला लावली तर खाली पसरते, तिची कड दुमडत राहते, तापते. मग ती खरोखर फुटते, आणि लोक म्हणतात हा टायरच कच्चा. चाक चढवून जॅक खाली घेतल्यावर एकदा वाकून पाहावं. साठ पीएसआय भरलेला टायर वजन आल्यावरही ताठ उभा राहतो. जमिनीजवळ त्याची कड फुगलेली दिसली तर हवा कमी आहे. गाडीच्या बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने ती भरता येते. टायर लहान असल्याने हवाही कमी लागते आणि वेळही फार जात नाही.

दुसऱ्या गाडीत आपल्या देशात सगळ्यात जास्त दिसणारी तडजोड आहे. गाडीला १७ इंची अलॉय, २१५/६० आर १७ टायर. स्टेपनी मात्र १६ इंची लोखंडी, २०५/६५ आर १६. हा टायर पूर्ण रुंदीचा, पूर्ण नक्षीचा, नेहमीच्या हवेचा. व्यासातला फरक फक्त सतरा मिलिमीटर, अडीच टक्क्यांच्या आत. किलोमीटरला अकरा-बारा फेऱ्यांचा फरक. तरीही त्यावर ऐंशीचा स्टिकर असतो, कारण वर सांगितलेल्या नियमात मूळ मापापेक्षा वेगळं चाक म्हणजे तात्पुरतं चाक, मग तो टायर कितीही दणकट असो. उत्पादकाने गाडीची चाचणी चार सारख्या चाकांवर घेतलेली असते. एक वेगळं असताना एकशेवीसला ती कशी वागेल याची हमी तो देत नाही.

या प्रकारात अंतराची धास्ती घेण्याचं कारण नाही. संभाजीनगरच काय, नाशिकपर्यंत गेलं तरी टायरला काही होणार नाही, वेग मात्र ऐंशीचा. अडचण दुसरीकडेच असते. हे चाक इतकं नेहमीसारखं वाटतं की लोक ते आठवडेच्या आठवडे काढत नाहीत. पंक्चर झालेलं मूळ चाक डिक्कीत पडून राहतं, आणि पुढच्या खेपेला हायवेवर स्टेपनीच शिल्लक नसते. शिवाय गाडीत टायरमधली हवा मोजणारी प्रणाली असेल तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहतो, कारण बहुतेकदा स्टेपनीत सेन्सर नसतो. त्या दिव्याची सवय झाली की उरलेल्या तीन चाकांतली हवा गेल्याचंही कळत नाही.

इथेच नटांची एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. काही गाड्यांत अलॉयचे नट-बोल्ट आणि लोखंडी रिमचे नट-बोल्ट यांची बसणारी बाजू वेगळी असते. एकाची तिरपी, एकाची गोल, एकाची सपाट. चुकीचा नट घट्ट आवळला गेल्यासारखा वाटतो, पण रिमला तो कडेवरच टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. अशा गाड्यांच्या टूलकिटमध्ये स्टेपनीसाठी वेगळे नट दिलेले असतात, किंवा तेच चालतील असं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. गाडीला नंतर बाजारातून अलॉय बसवून घेतले असतील, तर मूळ नट जपून ठेवणं अत्यावश्यक. आणि कोणतीही स्टेपनी असो, पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पान्ह्याने नट पुन्हा एकदा तपासावेत.

तिसरी गाडी महागातली. तिला रन-फ्लॅट टायर आहेत, डिक्कीत स्टेपनी नाही. खिळा घुसला, हवा पूर्ण गेली, तरी गाडी बसत नाही, कारण या टायरच्या कडेच्या भिंतीत जाड, कडक रबर घातलेलं असतं. हवा नसली की त्या भिंतीच वजन उचलतात. आतल्या माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणूनच अशा गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा लागतेच. ती नसेल तर चालक रिकाम्या टायरवर शंभराने जात राहील आणि त्याला पत्ताही लागणार नाही.

इथल्या ऐंशीचं कारण उष्णता. टायरचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला अकरा फेरे. प्रत्येक फेऱ्यात हवा नसलेली ती भिंत एकदा दबते, एकदा सुटते. तार वाकवत राहिलं की ती तापते, तसंच इथे रबर आतून तापतं. ऐंशी किलोमीटरमध्ये हे चाळीस हजार वेळा होतं. वेग वाढवला की दर सेकंदाचे दबे वाढतात आणि उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही. रबर आतल्या धाग्यांपासून सुटायला लागतं. त्या क्रमांक ६४ च्या नियमात रन-फ्लॅट टायरची व्याख्याच अशी आहे की हवा गेल्यावर त्याने ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर तरी गाडी नेली पाहिजे.

म्हणजे या प्रकारात वेगाइतकीच अंतराची मर्यादा खरी आहे, आणि ती वजनावर हलते. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॅन्युअलांत हे सरळ आकड्यांत दिलेलं होतं. गाडीत एक-दोन माणसं आणि सामान नाही, तर सुमारे २५० किलोमीटर. मध्यम वजन, तर १५०. भरलेली गाडी, तर फक्त ५०. आकडे त्या गाड्यांपुरते आहेत, पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. नागपूरहून लग्नाला निघालेली पाच माणसं आणि चार बॅगा असतील, तर ऐंशीसुद्धा गृहीत धरू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यातल्या दुपारी तर नाहीच, कारण रस्ताच तापलेला असतो. किलोमीटर मोजायचे ते दिवा लागल्यापासून. त्याच क्षणी ट्रिप मीटर शून्यावर आणावा. जळक्या रबराचा वास आला, स्टिअरिंग थरथरू लागलं किंवा धप-धप आवाज सुरू झाला, तर आकडा काहीही असो, बाजूला घेऊन थांबायचं. आणि खड्ड्याच्या धारेने कडेची भिंतच चिरली असेल, तर हे सगळं हिशेब रद्द. वजन पेलणारी भिंतच तुटलेली असते.

आपल्याकडे रन-फ्लॅटची पंचाईत पुढेच होते. जालना तीस किलोमीटरवर आहे, गाडी तिथे आरामात पोचेल. पण पोचून काय करायचं? हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटचं पंक्चर काढू नका, असं बरेच उत्पादक सांगतात. जे परवानगी देतात, तेही टायर रिमवरून उतरवून आतून तपासल्यावरच. आत काळी रबराची पूड सांडलेली दिसली, किंवा भिंतीवर आतल्या बाजूने चकचकीत घासलेला पट्टा दिसला, तर टायर संपला. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. मग नवा टायर हवा, आणि एकोणीस इंची रन-फ्लॅट मधल्या गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. तेव्हा अशा गाडीवाल्याने अंतर मोजायचं ते पंक्चरवाल्यापर्यंतचं नाही, आपल्या मापाचा टायर ज्याच्या गोदामात आहे त्या दुकानापर्यंतचं. दिवा लागला की आधी फोन करावा, मग दिशा ठरवावी. संभाजीनगरात टायर आहे म्हणून कळलं आणि गाडी भरलेली असेल, तर नव्वद किलोमीटर चालवत न्यायच्या भानगडीत न पडता जालन्याला उतरून तिथून टोइंगने पाठवणं स्वस्त पडतं.

जाता जाता पंक्चर किटचंही सांगतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर असलेल्या मोटारीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट दिलं असेल, तर स्टेपनी देणं सक्तीचं राहिलं नाही. किट म्हणजे रसायनाची बाटली आणि छोटा पंप. टायरच्या मधल्या भागात बारीक खिळ्याचं छिद्र असेल तर ते बुजतं. कड फाटली असेल तर बाटली निरुपयोगी. वेगाची मर्यादा इथेही बहुधा ऐंशीच, आणि बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती उलटून गेलेली मी अनेकांच्या गाडीत पाहिली आहे.

राहिली पूर्ण मापाची स्टेपनी. तोच टायर, तेच माप, तीच रिम. तिला ना वेगाची मर्यादा, ना अंतराची. पंक्चर झालं, चाक बदललं आणि मुंबई गाठली. तिचा शत्रू एकच, वय. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दहा वर्षं झाली की नक्षी नवी कोरी असली तरी टायर बदलावा, असं मोठे टायर उत्पादक सांगतात. डिक्कीतल्या स्टेपनीचं वय बहुधा गाडीएवढंच असतं, त्यामुळे जुनी गाडी घेताना हे आकडे वाचावेत. एसयूव्हीच्या पोटाखाली साखळीने टांगलेली स्टेपनी असेल, तर कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर ती खाली उतरवण्याचा गंज चढलेला पेच अडकून बसतो आणि ते भर रात्री कळतं. वर्षातून एकदा ती उतरवून पाहावी. चारही चाकांच्या अदलाबदलीत पाचवंही फिरवत ठेवलं तर पाचही टायर सारखे झिजतात आणि कुठलाही एक जुना पडत नाही.

माझं मत विचाराल तर शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला स्पेस-सेव्हर पुरेशी आहे आणि ती डिक्कीत जागा सोडते. पण समृद्धी, कोकण किंवा विदर्भात वरचेवर जाणाऱ्याने पूर्ण मापाचीच स्टेपनी मागावी, कंपनी देत नसेल तर त्याच मापाची एक रिम आणि टायर वेगळे घ्यावेत. बुकिंगचे पैसे भरण्याआधी शोरूममधल्या माणसाला डिक्की उघडायला सांगा, गालिचा स्वतः उचला, आणि मोठ्या चाकावरचं माप आणि स्टेपनीवरचं माप शेजारी शेजारी लिहून घ्या.